नकारानंतरचं पत्र

नकाराचा मेल आला की वाटतं, कंपनीने आपल्याला नाकारलं. प्रत्यक्षात तो नकार एका जागेपुरता असतो आणि तो एका मॅनेजरने, फार तर दोघा-तिघांच्या पॅनेलने दिलेला असतो. त्याच कंपनीत वरच्या मजल्यावर दुसऱ्या विभागाचा मॅनेजर बरेच दिवस माणूस शोधत असतो. जागा मंजूर आहे, बायोडेटा येताहेत, पण मनासारखं कुणी सापडत नाही. तुम्ही त्याच्या कामाचे असाल, तरी तुमचं नाव आपोआप त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, कारण मोठ्या कंपनीत भरती जागेगणिक चालते. एचआरमधल्या प्रत्येकाकडे ठरावीक जागा वाटून दिलेल्या असतात आणि महिन्याअखेरीस त्याला त्या भरल्याचा हिशोब द्यायचा असतो. दुसऱ्याच्या यादीतल्या जागेसाठी तुमचा बायोडेटा पुढे करायला त्याला ना वेळ असतो, ना कारण. सॉफ्टवेअरमध्ये तर तुमच्या नावापुढे ‘रिजेक्टेड’ एवढीच नोंद राहते. दुसऱ्या विभागाने शोधलं, तरी आधी दिसते ती तीच. तुम्ही किती चांगले बोललात, कुठे अडलात, हे त्या नोंदीत क्वचितच नीट लिहिलेलं असतं. ते ठाऊक असतं तुमची मुलाखत घेणाऱ्या मॅनेजरला.

म्हणूनच नकारानंतर त्या मॅनेजरचे आभार मानणारं आणि दुसऱ्या एका जागेसाठी विचार व्हावा असं सुचवणारं पत्र फार उपयोगी पडू शकतं. अशी पत्रं आपल्याकडे फारशी लिहिली जात नाहीत. जी लिहिली जातात, त्यांतल्या बऱ्याच पत्रांचा रोख चुकतो. ते पत्र जातं मॅनेजरच्या नावाने, पण कामी यायचं असेल तर ते त्याच्या सहकाऱ्याला वाचता येईल असं हवं. मॅनेजर तुमच्यासाठी फार काही करणार नाही. मनात आलं तर ‘फॉरवर्ड’ दाबून वर एक ओळ लिहील: ‘चांगली मुलगी आहे, माझ्या जागेला अनुभव कमी पडला, तुझ्याकडे बघ.’ एवढं करायला त्याला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ लागता कामा नये, अशा बेताने पत्र लिहायचं.

एक प्रसंग समोर ठेवून पाहू. नाशिकच्या सातपूर वसाहतीत शाफ्ट मशिनिंग करणाऱ्या कारखान्यात एक तरुण इंजिनियर चार वर्षं गुणवत्ता विभागात आहे. चाकणच्या एका मोठ्या वाहन-सुटेभाग कंपनीत ती सप्लायर क्वालिटी इंजिनियरच्या जागेसाठी मुलाखत देऊन आली. या जागेवरच्या माणसाला पुरवठादारांच्या कारखान्यात जाऊन ऑडिट करावं लागतं. ओतीव आणि फोर्जिंगचे भाग नव्याने सुरू होताना त्यांची पीपीएपीची कागदपत्रं, म्हणजे नव्या भागाच्या मंजुरीची फाइल, तपासून पास करावी लागते. तिने स्वतःच्या लाइनवरचं काम भरपूर केलं होतं, पण पुरवठादाराचं ऑडिट एकटीने कधी केलं नव्हतं. तिथेच ती मागे पडली.

मुलाखतीचा दुसरा भाग मात्र छान झाला. मॅनेजरने विचारलं होतं, ‘ग्राहकाकडून शाफ्ट परत आला, व्यास मोठा आहे म्हणतात, तू पहिलं काय करशील?’ ती म्हणाली, आधी माल अडवीन. ग्राहकाच्या लाइनवर असलेला, वाटेत ट्रकमध्ये असलेला आणि आपल्या गोदामात असलेला, तिन्ही ठिकाणचा. मग मशीनकडे जाण्याआधी गेज तपासीन, कारण त्यांचं माप आणि आपलं माप जुळत नसेल तर मशीनला हात लावून उपयोग नाही. पुढे तिने स्वतःचं उदाहरण दिलं. त्यांच्या लाइनवर गेजच्या अभ्यासात मोजणीचीच तफावत 28 टक्के निघाली होती. 10 टक्क्यांच्या आत ती चांगली मानतात, 30 च्या वर गेज नाकारतात, मधल्या पट्ट्यात कामाचं महत्त्व पाहून ठरवतात. तिने गेज बदलायला लावलं आणि त्या तक्रारी थांबल्या. मॅनेजरने हे लिहून घेतलं. आठवड्याने नकाराचा मेल आला.

त्या मेलनंतर तिने पहिलं काम केलं ते योग्य. कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच प्लांटमधल्या रिकाम्या जागा पाहिल्या. कस्टमर क्वालिटी इंजिनियरची एक जागा होती. काम असं: ग्राहकाच्या तक्रारी घेणं, माल अडवणं, एट-डीचा अहवाल लिहून तक्रार बंद करणं. म्हणजे ज्या प्रश्नाचं उत्तर तिने उत्तम दिलं होतं, तेच या जागेवरचं रोजचं काम.

हे असं जुळणं असेल तरच पत्र लिहावं, असं माझं स्पष्ट मत आहे. दुसरी जागा निवडताना ‘मला काय चालेल’ यापेक्षा ‘या मॅनेजरने माझं काय पाहिलं आहे’ हे आधी पाहावं. त्याने जे स्वतः पाहिलं, त्याचीच खात्री तो सहकाऱ्याला देऊ शकतो. त्याने न पाहिलेल्या गुणासाठी शब्द टाकायला तो धजणार नाही. जागा एकच सुचवावी. तीन जागांची नावं दिली की वाचणाऱ्याला वाटतं, हिला काय हवंय हे हिलाच माहीत नाही, आणि तीन मॅनेजरांपैकी मेल कुणाला पाठवायचा हा निर्णय त्याच्या गळ्यात पडतो. ‘कुठलीही योग्य जागा असेल तर कळवा’ या वाक्याचं पुढे काहीच होत नाही. ते वाचून कुणी उठून जागा शोधत नाही.

आता वेळ. मेल आल्या आल्या पाच मिनिटांत उत्तर देऊ नये. त्या वेळचा सूर आपला नसतो. पण आठवडाभर थांबणंही बरं नाही. एक-दोन दिवसांत लिहावं, कारण तोवर मुलाखत मॅनेजरच्या डोक्यात ताजी असते. आणखी एक कारण आहे, ते उमेदवारांच्या सहसा लक्षात येत नाही. ज्याला निवडलं, तो अजून आलेला नसतो. आपल्याकडे साठ किंवा नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड सर्रास आहे. त्या काळात जुनी कंपनी पगार वाढवून देते, तिसऱ्याच कंपनीची ऑफर येते आणि ‘येतो’ म्हणालेला माणूस येत नाही. मॅनेजरला याचा अनुभव असतो, म्हणून दुसऱ्या क्रमांकाचा माणूस तो मनातून पुरता पुसत नाही. नकारानंतर नीट वागणारा उमेदवार या काळात लक्षात राहतो.

पत्र कुणाला पाठवायचं हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा नाजूक आहे. नकाराचा मेल पुष्कळदा अशा पत्त्यावरून येतो जिथे उत्तर दिलं तर कुणीच वाचत नाही. मुलाखतीचं निमंत्रण काढून पाहावं. त्यात मॅनेजरचा आणि एचआरमधल्या व्यक्तीचा पत्ता बहुधा असतो. त्याच जुन्या मेलला उत्तर म्हणून लिहिलं, तर वर तारीख आणि जागेचं नाव आपोआप राहतं आणि ‘ही कोण’ हे आठवायला त्याला शोधाशोध करावी लागत नाही. प्रत एचआरच्या त्या व्यक्तीला ठेवावी. तिला वगळून थेट मॅनेजरला लिहिलं, तर पुढे अडचण येते, कारण दुसऱ्या जागेची प्रक्रिया शेवटी एचआरकडूनच फिरते. व्हॉट्सॲपवर किंवा फोनवर ही गोष्ट करू नये. फोनवर मॅनेजरला तिथल्या तिथे काहीतरी बोलावं लागतं आणि अडचणीत सापडलेला माणूस ‘बघू’ म्हणून सुटका करून घेतो. शिवाय फोन फॉरवर्ड करता येत नाही.

कन्सल्टन्सीमार्फत गेलेल्यांनी इथे थांबून विचार करावा. कन्सल्टन्सीने ज्याचा बायोडेटा पाठवला, त्याला कंपनीने ठरावीक काळात कुठल्याही जागेवर घेतलं, तर फी कन्सल्टन्सीची, असा करार बहुधा असतो. हा काळ अनेकदा सहा महिने ते वर्षभराचा असतो. ही फी पुष्कळ ठिकाणी वार्षिक पगाराच्या 8.33 टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराएवढी ठरलेली असते. उमेदवाराने परस्पर मॅनेजरला लिहिलं, तर एचआरला प्रश्न पडतो की हा अर्ज थेट आलेला मानायचा की कन्सल्टन्सीचा. असा वाद होण्यापेक्षा उमेदवारच बाजूला ठेवणं त्यांना सोपं जातं. म्हणून आधी कन्सल्टंटला फोन करावा, दुसऱ्या जागेचं नाव सांगावं आणि त्याच्याकडूनच तुमचं पत्र पुढे जाऊ द्यावं. त्यात त्याचाही फायदा असल्यामुळे तो ते काम मनापासून करतो.

आणखी एक दार तपासायचं असतं. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत, विशेषतः आयटीत, एकदा नकार मिळाला की ठरावीक काळ पुन्हा अर्ज करता येत नाही. हा काळ अनेक ठिकाणी सहा महिन्यांचा असतो आणि त्याला कूलिंग पिरियड म्हणतात. काही ठिकाणी ही बंदी फक्त त्याच जागेपुरती असते, काही ठिकाणी सगळ्या कंपनीला लागू होते. कळायचा सोपा मार्ग म्हणजे दुसऱ्या जागेसाठी पोर्टलवर रीतसर अर्ज भरून पाहणं. अर्ज स्वीकारला गेला तर पत्रात तसं लिहावं आणि जागेचा क्रमांक द्यावा. सॉफ्टवेअरने अडवलं तर तेही सरळ लिहावं. ही अडचण एचआरला आतून सोडवता येते, पण आधी ती आहे हे त्यांना कळायला हवं.

त्या सातपूरच्या मुलीने लिहावं असं पत्र पुढे देतो. चाकणला ते इंग्रजीत जाईल हे उघड आहे, पण मजकूर हाच.

‘नमस्कार सर,

सप्लायर क्वालिटीच्या जागेसाठी माझी निवड झाली नाही, असा मेल काल मिळाला. मुलाखतीला तुम्ही वेळ दिलात आणि पुरवठादाराचं ऑडिट प्रत्यक्षात कसं चालतं हे समजावून सांगितलंत, त्याबद्दल आभार. त्या कामाचा स्वतंत्र अनुभव मला नाही, हे मुलाखतीत माझ्याही लक्षात आलं.

तुमच्याच प्लांटमध्ये कस्टमर क्वालिटी इंजिनियरची जागा रिकामी आहे. तिथलं काम माझ्या आत्ताच्या कामाच्या जवळचं आहे. गेली दोन वर्षं शाफ्ट लाइनवरच्या ग्राहक-तक्रारी मी हाताळते. माल अडवण्यापासून एट-डी बंद करण्यापर्यंतचं काम माझ्याकडे असतं. व्यासाच्या तक्रारीत गेजची तफावत 28 टक्के निघाल्याचं उदाहरण मी तुम्हाला सांगितलं होतं, ते याच कामातलं.

या जागेसाठी मी आज पोर्टलवर अर्ज केला आहे. तुम्हाला योग्य वाटलं, तर माझा बायोडेटा संबंधित मॅनेजरकडे पाठवावा ही विनंती. बायोडेटा सोबत जोडला आहे. माझा नोटीस पिरियड साठ दिवसांचा आहे.’

खाली नाव आणि फोन नंबर. बस, एवढंच.

पहिल्या परिच्छेदातले आभार नेमक्या गोष्टीचे आहेत. ‘आपण दिलेल्या अमूल्य संधीबद्दल ऋणी आहे’ असं लिहिलं असतं, तर मॅनेजर ते न वाचताच पुढे गेला असता, कारण असलं वाक्य कुणालाही पाठवता येतं. ऑडिटबद्दलचं वाक्य फक्त त्यालाच पाठवता येतं. अनुभव कमी पडल्याचं तिने स्वतः एका वाक्यात मान्य केलं आणि लगेच पुढे गेली. त्यामुळे निर्णयाबद्दल तिची तक्रार नाही हे मॅनेजरला कळलं आणि पुढचं वाचताना तो सावध राहिला नाही. नकार देणाऱ्याला नेहमी हीच भीती असते की आता वाद सुरू होणार.

दुसऱ्या परिच्छेदातला गेजचा उल्लेख हा या पत्राचा कणा आहे. मॅनेजरने हे उदाहरण स्वतः ऐकलेलं आहे, लिहूनही घेतलेलं आहे. कस्टमर क्वालिटीच्या मॅनेजरने ही ओळ वाचली की त्याला कळतं की ही मुलगी तक्रार आल्यावर आधी मोजमाप तपासते. आणि ‘खरंच असं म्हणाली होती का’ हे विचारायला त्याच प्लांटमध्ये साक्षीदार बसलेला आहे.

नोटीस पिरियड लिहिला, पगार लिहिला नाही. पगार कमी चालेल असं तर चुकूनही लिहू नये. अशाने दुसरी जागा ही तडजोड वाटते आणि नवा मॅनेजर विचार करतो की पहिल्यासारखी जागा बाहेर मिळाली की ही सोडून जाईल. जागा हुद्द्याने खालची असेल तर अर्ज करण्याआधीच स्वतःशी ठरवावं की ती खरोखर घ्यायची आहे का.

मराठी मुलांच्या पत्रांत एक सूर वारंवार दिसतो, तो शाळा-कॉलेजात शिकलेल्या विनंती-अर्जाचा. ‘घरची परिस्थिती बेताची असून नोकरीची नितांत गरज आहे, तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.’ गरज खरी असते, त्यामागे आई-वडिलांचं कर्ज असतं, बहिणीचं शिक्षण असतं आणि ते वाचताना वाईटही वाटतं. पण मॅनेजरला हे पत्र सहकाऱ्याकडे पाठवता येत नाही. सोबत काय लिहून पाठवणार? त्याला कामाबद्दल सांगण्यासारखं एक वाक्य हवं असतं आणि या अर्जात तेवढंच नसतं.

दुसरी नेहमीची गोष्ट म्हणजे त्याच पत्रात ‘माझं नेमकं काय कमी पडलं ते कृपया सांगा’ असं विचारणं. विचारणं गैर नाही, पण या पत्रात नको. नकाराची कारणं लेखी देऊ नयेत असा अनेक कंपन्यांत दंडक असतो, कारण त्यावरून पुढे वाद होऊ शकतो. मॅनेजरला ते उत्तर देता येत नाही, मग तो सगळ्याच पत्राचं उत्तर पुढे ढकलतो आणि ज्या जागेसाठी लिहिलं ती विनंतीही त्याबरोबर राहून जाते. कारण जाणून घ्यायचं असेल तर एचआरला वेगळं विचारावं, तेही नंतर.

काही नकारांनंतर हे पत्र लिहूच नये. कागदपत्रांत, पगाराच्या आकड्यात किंवा अनुभवाच्या तारखांत तफावत निघाल्यामुळे नकार आला असेल, तर ती नोंद सगळ्या कंपनीला लागू असते. तिथे मॅनेजरची शिफारस चालत नाही. एमपीएससी, जिल्हा परिषद, बँकांच्या परीक्षा यांसारख्या भरतीतही या पत्राला जागा नाही. तिथे गुणवत्ता यादी आणि प्रतीक्षा यादी आहे. अधिकाऱ्याला लिहिलेलं वैयक्तिक पत्र उलट शंकेचं कारण ठरू शकतं.

पत्र पाठवल्यावर काय होतं? बऱ्याचदा काहीच नाही. मॅनेजर मेल पुढे पाठवतो आणि तुम्हाला कळवायचं राहून जातं. आठ-दहा दिवसांनी त्याच मेलवर दोन ओळींची एक आठवण द्यावी, त्यानंतर थांबावं. ‘भविष्यात संधी आली तर नक्की विचार करू’ असं उत्तर आलं, तर बहुधा विषय संपला आहे असं समजावं. ‘अमुक मॅनेजरकडे पाठवलं आहे’ किंवा ‘एचआर संपर्क करेल’ असं नाव किंवा विभाग घेऊन उत्तर आलं, तर काम पुढे सरकलं आहे. ‘जागा सध्या होल्डवर आहे’ हे उत्तर मात्र शब्दशः खरं असण्याची शक्यता बरीच असते. तिमाही संपताना वरून खर्च थांबवतात आणि पुढच्या तिमाहीत तीच जागा पुन्हा उघडते. तेव्हा पुन्हा एकदा लिहायला हरकत नाही.

बोलावणं आलं तर मुलाखत पुन्हा पहिल्यापासून होईल असं धरून जावं. नव्या मॅनेजरने जुन्या पॅनेलचे शेरे वाचलेले असतात किंवा निदान सहकाऱ्याला फोन केलेला असतो. आपल्या उदाहरणातल्या मुलीला पुरवठादाराच्या ऑडिटचा प्रश्न इथेही येणार, कारण ग्राहकाच्या तक्रारीचं मूळ कधी कधी कच्च्या मालात असतं. मधल्या दिवसांत तिने आपल्याच कारखान्यातल्या खरेदी विभागाबरोबर एखाद्या पुरवठादाराकडे जाऊन ऑडिट पाहिलं असेल, तर ‘अजून एकटीने केलेलं नाही, पण एक पूर्ण पाहिलं, त्यात दोन मुद्दे मी लिहिले’ असं खरं उत्तर तिच्याजवळ असेल. नव्या मॅनेजरला तेवढं पुरतं.

आणि कधी कधी असंही घडतं की दुसऱ्या जागेची मुलाखत चालू असताना पहिल्या मॅनेजरचा फोन येतो: निवडलेला माणूस येत नाहीये, अजून इच्छा आहे का? इथे घाईने दोघांनाही ‘हो’ म्हणू नये. पहिल्याला सांगावं की तुमच्याच शिफारशीने दुसरी प्रक्रिया सुरू आहे आणि कोणत्या टप्प्यावर आहे. त्याच दिवशी एचआरलाही हे लेखी कळवावं. आपला कल कुठे आहे हे विचारलं तर खरं सांगावं. दोन मॅनेजर एकाच प्लांटमध्ये बसतात, ते आपसात बोलतात आणि ऑफर शेवटी एकाच जागेची निघते.